‘मनोज’मध्ये ‘ओज’ नाही

“मनोज = मन + ओज, म्हणजे मनाचं तेज. कामदेव हा अर्थ नंतर कुणीतरी चिकटवला. कोणत्याही नावाचा संधी सोडवा, खरा अर्थ आपोआप समोर येतो.”

आमच्याकडे मंगळवार पेठेत एका बारशाआधी हा मजकूर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आला आणि बाळाच्या आत्यांनी तो खरा धरला. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

फोड केली की ती पुन्हा जोडून पाहायची. अ-पुढे ओ आला की दोन्ही मिळून औ होतो: जल + ओघ = जलौघ, वन + ओषधी = वनौषधी. त्याच नियमाने मन + ओज जोडलं तर ‘मनौज’ होईल, मनोज नाही. ओज असलेलं खरं नाव गीतेच्या पहिल्याच अध्यायात आहे. पांडवांकडचा योद्धा उत्तमौजा, म्हणजे उत्तम + ओजस्. तिथला औ बघा.

मग मनोजमधला ओ आला कुठून? मराठीत आपण ‘मन’ म्हणतो, पण संस्कृतात मूळ शब्द ‘मनस्’ आहे. समासात त्या स्-चा विसर्ग होतो, आणि मागे अ, पुढे मृदू व्यंजन असलं की अः-चा ओ होतो. मनः + रथ = मनोरथ, तपः + वन = तपोवन, तसंच मनः + ज = मनोज. हा ‘ज’ जन् धातूचा, अर्थ ‘जन्मलेला’. अनुज, जलज यांतला तोच. तो एकटा कधी वापरत नाहीत, म्हणून पटकन ओळखू येत नाही, आणि वाचणारा ओळखीच्या ‘ओज’कडे वळतो.

कामदेव हा अर्थही कुणी चिकटवलेला नाही. अमरकोशात कामदेवाच्या नावांत ‘मनसिज’ आहे. ‘मनसि’ म्हणजे मनात. इथे सप्तमीचा प्रत्यय गळलेलाच नाही, त्यामुळे पहिलं पद मनस् आणि दुसरं ज, हे उघड्यावर दिसतं. कमळालाही सरोज आणि सरसिज अशी अगदी हीच जोडी आहे.

आता ‘आपोआप’ या शब्दाबद्दल. ‘नीरज’ घ्या. नीर + ज, पाण्यात जन्मलेलं, म्हणजे कमळ; इथे समास आहे, संधी नाहीच. पण निः + रज अशीही फोड होते. पुढे र आला की विसर्ग जातो आणि आधीचा इ दीर्घ होतो, नीरस आणि नीरोगसारखा. मग अर्थ होतो धूळ नसलेला, निर्मळ. नियम दोन्हींना पास करतो. यातला कोणता अर्थ घ्यायचा, ते वापरावरून ठरतं. नाव ठेवताना बहुतेकांच्या मनात कमळ असतं.

आणि आपलं करवीर, म्हणजे कोल्हापूरचं जुनं नाव? ‘कर’ आणि ‘वीर’ असे तुकडे सहज पडतात, एकही नियम मोडत नाही. पण संस्कृतात करवीर म्हणजे कण्हेर.