आसव आणि अरिष्ट

"कुमारीआसव आणि दशमूलारिष्ट, दोन्ही बाटलीतलंच गडद औषध, मग नावं वेगळी का?"

अहो, फरक बनवण्यात आहे. अरिष्टात आधी औषधं उकळून काढा करतात, आसवात न उकळता रस नाहीतर पाणी वापरतात, म्हणजे कुमारीआसवात कोरफडीचा रस. मग दोन्हीत गूळ, मध वगैरे आणि धायटीची फुलं (आपल्या घाटात उन्हाळ्यात लाल फुललेली दिसते तीच) घालून भांडं बंद करून आंबवत ठेवतात. आंबताना अल्कोहोल आपोआप तयार होतं, वरून घालत नाहीत, म्हणून लेबलवर 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल' आणि टक्के लिहिलेले असतात, बहुतेक ५ ते १०. औषध टिकतं तेही त्यामुळेच, नाहीतर आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत चूर्णाच्या जुलैतच गुठळ्या होतात बघा. तळाशी थोडा गाळ बसला तर चालतं, पण व्हिनेगरसारखा वास आला तर ते आंबट होऊन बिघडलंय, घेऊ नका. आणि डायबिटीसवाल्यांनी किंवा लिव्हरचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय सिरप समजून ढोसू नये, त्यात गूळही असतो नि अल्कोहोलही. आयुर्वेदातल्या बाकी औषधांत वटी म्हणजे सरळ गोळी. भस्माचं प्रकरण वेगळंच, धातू किंवा शंख-शिंपले पुन्हा पुन्हा भट्टीत जाळून केलेली राख, ते तर स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका.