‘ताकदीची गोळी’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

टीबीच्या गोळ्यांनी हातापायांना येणाऱ्या मुंग्या आणि त्या टाळणारी बी-सिक्स जीवनसत्त्वाची गोळी यांवर मी लेख लिहिला होता. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: “मुंग्या शुगरमुळे येतात, टीबीच्या गोळ्यांमुळे नाही. बी-सिक्स ही ताकदीची गोळी आहे, नाही घेतली तरी काही बिघडत नाही. खरी भीती लिव्हरची, त्यावर तुम्ही चार ओळी लिहून मोकळे झालात. अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवायचा धंदा बंद करा.”

धंदा हा शब्द मला लागला, हे आधीच सांगतो. टीबीच्या गोळ्या घरोघरी पोहोचवण्याचं काम मी केज तालुक्यात 11 वर्षं केलं, ते उन्हातान्हात आणि बहुतेक वेळा सायकलवर. घाबरवून मला काय मिळणार होतं? मतभेद जरूर लिहा, पण समोरच्याच्या हेतूवर बोट ठेवताना थोडं थांबायला हवं होतं.

एक गोष्ट मान्य करतो. ‘बी-सिक्समुळे टीबीच्या औषधांचा त्रास टळतो’ असं मी सरसकट लिहिलं, ते चुकलंच. ती गोळी एकाच त्रासावर आहे, टीबीच्या आयसोनियाझिड या औषधामुळे होणाऱ्या मज्जातंतूंच्या त्रासावर. लिव्हरला तिचा उपयोग नाही. टीबीच्याच इथम्ब्युटॉल या औषधाने नजर अधू होते किंवा लाल-हिरवा रंग नीट ओळखू येत नाही, त्यावरही ती चालत नाही.

पण ‘ताकदीची गोळी’ हे वाक्य मी सोडणार नाही, कारण याच दोन शब्दांनी माझ्या घरात एक माणूस अधू व्हायच्या बेतात आणलं होतं.

माझी थोरली बहीण, आक्का. वय 52, वजन 38 किलो, नऊ वर्षांपासून शुगर. टीबी निघाला आणि वजनाप्रमाणे चार औषधांच्या एकत्र गोळ्या रोज तीन सुरू झाल्या. एका गोळीत आयसोनियाझिड 75 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 225. सोबत बी-सिक्सची रोज एक, 10 मिलिग्रॅमची. गोळ्या हातात देणाऱ्याने एवढंच सांगितलं, “आणि ही ताकदीची.” आक्काने मोठ्या गोळ्या एक दिवस न चुकता घेतल्या. बारकी मात्र ठेवून दिली. घरात नातू बारीक, त्याला ताकद यावी म्हणून अधूनमधून त्याला दिली. पुढे मी तिचा गोळ्यांचा डबा उघडला तेव्हा दोन पट्ट्या अख्ख्या होत्या आणि तिसरीतल्या चारच गोळ्या फोडलेल्या.

सातव्या आठवड्यात तिने मला सांगितलं, “पायाखाली कापूस अंथरल्यावानी वाटतंय.” दोन्ही तळव्यांना मुंग्या, रात्री आग. कुणीतरी म्हणालं, अशक्तपणा आहे. तुम्ही म्हणता तसंच आणखी कुणी म्हणालं, शुगर आहे. मग चप्पल पायातून निसटायला लागली. ती चार पावलं पुढे जायची आणि मागून कुणीतरी सांगायचं तेव्हा तिला कळायचं. फेब्रुवारीच्या शेवटी ज्वारी काढलेल्या रानातून ती घरी आली, ओसरीवर टेकली, आणि मी पाहिलं तर डाव्या टाचेत धस घुसलेला, चप्पल रक्ताने ओली. तिला पत्ता नव्हता. ज्वारीचा धस टाचेत जातो आणि बाईला कळत नाही, ही काय अशक्तपणाची खूण आहे?

आता तुमच्या शुगरकडे येतो. नऊ वर्षं शुगर होती तेव्हा एकदाही मुंग्या आल्या नाहीत, आणि गोळ्या सुरू झाल्यावर दोन महिन्यांच्या आत आल्या. तरीही नुसता पाय पाहून कारण सांगता येत नाही, कारण दोन्हींत सुरुवात पायापासून आणि दोन्ही बाजूंना सारखी होते. म्हणूनच शुगरच्या रुग्णाला बी-सिक्स टाळायची नसते, आवर्जून द्यायची असते. दारू पिणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, एचआयव्ही असलेले, किडनीचे रुग्ण, म्हातारी आणि खंगलेली माणसं यांचंही तेच. आक्का यातल्या दोन प्रकारांत बसत होती.

कारण सोपं आहे. आयसोनियाझिड शरीरातल्या बी-सिक्सला, म्हणजे पायरिडॉक्सिनला धरून बसतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. उरलेलं शरीराच्या कामी येण्याच्या रूपात बदलायलाही ते आडवं येतं. मज्जातंतूंना बी-सिक्सशिवाय चालत नाही. सगळ्यांत लांब तंतू पायाचे, म्हणून आधी तळवे जातात. त्यात काहींच्या लिव्हरमध्ये आयसोनियाझिडचं विघटन संथपणे होतं. हे जन्मजात असतं, आणि आपल्या देशात अशी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्या अंगात औषध जास्त वेळ राहतं, त्यामुळे त्रासही जास्त. हे माझं घरगुती ज्ञान नाही. आयसोनियाझिड 1952 साली वापरात आलं आणि 1954 पर्यंत हा बी-सिक्सचा संबंध संशोधकांनी दाखवलाही होता.

ताकदीची गोळी असती तर जास्त घेतल्याने जास्त ताकद आली असती ना? बी-सिक्स रोज काहीशे मिलिग्रॅम बराच काळ घेतली, तर तिनेच तळव्यांना मुंग्या येतात. मापात घ्यायचं औषध आहे ते. टाळण्यासाठी 10 मिलिग्रॅम, आणि त्रास सुरू झाला असेल तर डॉक्टर वाढवतात. आक्काला काही आठवडे रोज 100 दिली, मग पुन्हा 10 वर आणली. टीबीची एकही गोळी बंद केली नाही. महिन्याभरात आग थांबली, चप्पल पायात राहायला लागली. डाव्या अंगठ्याचं टोक मात्र अजून बधिर आहे. वेळेत घेतलेली 10 ची गोळी आणि उशिरा घेतलेली 100 ची, यांत हा फरक.

लिव्हरवर चार ओळी लिहिल्या, कारण तो लेख लिव्हरवर नव्हता. तरी तुमच्या समाधानासाठी सांगतो. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी पहिल्या दिवसापासून केशरी-लाल होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण जेवणावरची वासना उडाली, मळमळ-उलट्या सुरू झाल्या, उजव्या बरगडीखाली दुखलं, डोळ्यांचं पांढरं पिवळं दिसलं, लघवी चहासारखी काळपट झाली, तर सगळ्या गोळ्या त्याच दिवशी थांबवून दवाखाना गाठायचा आणि रक्त तपासायचं. असा त्रास होत असताना लिव्हरचं एन्झाइम नेहमीच्या तिपटीच्या वर निघालं, किंवा त्रास नसतानाही पाचपटीच्या वर गेलं, तर औषधं बंद ठेवतात. मग ती एकेक करून डॉक्टरच पुन्हा सुरू करतात. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन आठ दिवस घालवायचे नसतात. हे आमच्या भागात अजून होतं, आणि त्यावर वेगळा लेख लिहीन. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, माझ्या यादीत तो आधीपासून आहे.

मूळ लेखातलं ‘सरसकट’ वाक्य आज दुरुस्त केलं. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त तुमच्या ओळखीत कुणी टीबीच्या गोळ्या घेत असेल, तर त्यांच्या डब्यात बारक्या गोळीच्या किती पट्ट्या अख्ख्या आहेत ते आजच मोजा, आणि इथेच लिहून कळवा.