आधी ते ‘असल्यास’ काढा!

आमच्या इंटरनेट कंपनीच्या माफीच्या व्हिडिओची स्क्रिप्ट लिहून दिली की दर वेळी वरून तेच वाक्य घुसवतात, ‘गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत.’ असल्यास? ऐरोलीत मंगळवारी दुपारी २ पासून बुधवारी रात्री ९ पर्यंत इंटरनेट बंद होतं. ३१ तास! मी लिहिलं होतं, ‘आमच्याच खोदकामात केबल तुटली, पर्यायी लाइन नव्हती. चूक आमची. दोन दिवसांचे पैसे पुढच्या बिलातून आपोआप वजा होतील, अर्ज नको.’ त्याचं झालं ‘काही तांत्रिक कारणांमुळे’. वर ‘पुन्हा असं कधीच होणार नाही’! अहो, दुसरी लाइन अजून टाकलेलीच नाही, कशाच्या जोरावर सांगताय? ती कोणत्या तारखेला टाकणार, तेवढं बोला. आणि मागे ते रडवं संगीत लावू नका, हात जोडतो.