तेवढी तार काढून दे

फोटोशॉप येतं ही बातमी नात्यात पसरली की माणसाचा बिनपगारी दंतवैद्य होतो. मावशीचा फोन आला, "चिंगीच्या फोटोतली दातांवरची तार तेवढी काढून दे. दोन मिनिटांचं काम. आणि ओठांना हात लावू नकोस हं, हसू तिचंच राहू दे."

फोटो ३०० टक्के मोठा केला की कळतं, तार बिचारी गरीब आहे. खरा दांडगेश्वर म्हणजे प्रत्येक दातावर मधोमध ठाण मांडून बसलेला तो चौकोनी ब्रॅकेट. वर चकाकतो, खाली सावली पाडतो आणि अर्धा दात गिळून बसतो. त्यामुळे पुसण्यापेक्षा त्याच्याखाली काय असेल ते ठरवण्यातच डोकं जास्त खर्च होतं.

अशा वेळी सगळे हीलिंग ब्रशकडे धावतात. तो भोळा आहे. कडेचे रंग एकमेकांत मिसळायची त्याला खोड. गालावरच्या पुळीला उत्तम, पण ओठाच्या कडेशी नेला की गुलाबी रंग दातावर ओढून आणतो आणि बघणारा म्हणतो, "अगं, दाताला लिपस्टिक लागलीये!" म्हणून मी आधी ओठाच्या किंचित आतून लॅसोने दातांभोवती कुंपण घालतो, कड मऊ राहावी म्हणून तिला १ पिक्सेलचा फेदर देतो. कुंपण असेपर्यंत ब्रशने कितीही आगाऊपणा केला तरी ओठ सुरक्षित. मग नवा रिकामा लेयर, एका जागेचा तुकडा जसाच्या तसा दुसरीकडे उमटवणारा क्लोन स्टॅम्प, आणि खालच्या फोटोतला रंग उचलता यावा म्हणून Sample मध्ये Current & Below.

पहिला मान दोन दातांमधल्या फटींचा. तार जिथे फट ओलांडते, तिथे त्याच फटीचा खालचा भाग घेऊन सरळ वर चढवायचा. ही काळसर रेघ पुसली गेली की दात वेगळे उरत नाहीत, तोंडात एक अखंड पांढरी पट्टी बसते. मग ब्रॅकेट. रंग त्याच दाताच्या मोकळ्या भागातून घ्यायचा, थोडा वरून, थोडा खालून, कारण हिरडीपाशी दात पिवळसर असतो आणि टोकाला जरा पारदर्शक. एकाच जागेचा रंग सगळीकडे फासला तर दात न्हाणीघरातल्या फरशीसारखा दिसतो. एखादा दात पारच झाकलेला असेल तर पलीकडचा त्याचा जोडीदार उलटा करून बसवता येतो, पण मग उजेडही उलटा होतो. डावीकडे खिडकी असताना एकच दात उजवीकडून चमकतो. तो उजेड पुन्हा हाताने फिरवत बसायचं.

एक गोष्ट मात्र राहतेच. ब्रॅकेटमुळे वरचा ओठ किंचित पुढे आलेला असतो. त्याला हात लावायचा नाही, असा हुकूम. त्यामुळे खाली काही नसतानाही तो अदबीने जागा सोडून उभा.

मावशीने फोटो पाहिला, चष्मा लावून पुन्हा पाहिला.

"दात तर अगदी सरळ आलेत की! मग आता ती तार खरोखरच काढून टाकायला सांगू का डॉक्टरांना?"