एकाच बिलात दोन वेगळे डिस्काउंट का, मेडिकलच्या मालकाकडून उत्तर

ग्राहकाचा रिव्ह्यू, 1 स्टार: "आईची औषधं घेतली. पोटाच्या जेनेरिक कॅप्सूलवर 50 टक्के सूट आणि बीपीच्या ब्रँडेड गोळीवर फक्त 5 टक्के. ऑनलाइन 20 मिळतात. एकावर निम्मी किंमत सोडता येते म्हणजे दुसऱ्यावर सरळ लूट चालू आहे. बीपीचीही जेनेरिक द्या म्हटलं तर देत नाहीत. विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो परवडत नाही. परत जाणार नाही."

नमस्कार दादा. मुलगा तुटक बोलला त्याबद्दल मी मनापासून सॉरी म्हणतो, त्याने नीट सांगायला हवं होतं किंवा मला आतून बोलवायला हवं होतं. पण लूट हा शब्द वाचून दोन दिवस नीट जेवण गेलं नाही खरं सांगतो, म्हणून थोडं लांबलचक होईल तरी लिहितोय.

पहिली गोष्ट, स्ट्रिपवरची एमआरपी मी छापत नाही. ती कंपनी छापते, सगळे टॅक्स धरून, आणि मला त्याच्या वर एक रुपया घेता येत नाही. खाली कितीही विकू शकतो. पण किती खाली जाता येईल हे मला ती स्ट्रिप कितीला पडली त्यावर ठरतं, एमआरपीवर नाही, आणि या दोन औषधांची खरेदी अगदी वेगवेगळी आहे.

तुमच्या आईंची बीपीची गोळी अ‍ॅमलोडिपिन आहे. ती सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत येते, म्हणजे तिची कमाल किंमत एनपीपीए ही सरकारी संस्था ठरवते, डीपीसीओ 2013 या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे. त्यात दुकानदाराचं मार्जिन 16 टक्के धरलेलं आहे. लोकांना वाटतं एमआरपीच्या 16 टक्के, तसं नाहीये, ते आमच्या खरेदीवर 16 टक्के आहे. हिशोबाला सोपं म्हणून माझी खरेदी 100 रुपये धरा. त्यावर 16, झाले 116, त्यावर 5 टक्के जीएसटी 5.80, म्हणून स्ट्रिपवर छापलं जातं 121.80. तुम्हाला 5 टक्के सूट दिली की तुम्ही देता साधारण 115.70, त्यातला जीएसटी बाजूला काढला की माझ्याकडे येतात 110.20, म्हणजे माझे राहिले 10.20. 10 टक्के सोडले तर राहतात 4.40. आणि तुम्ही म्हणता ते 20 टक्के सोडले तर जीएसटी काढून 92.80 हातात येतात, म्हणजे 100 ची वस्तू विकून मी खिशातले 7.20 घालतो. ते 10.20 पण सगळे माझे नाहीत, त्यातूनच दुकानाचं भाडं, लाइट, फ्रिज आणि रजिस्टर्ड फार्मासिस्टचा पगार निघतो, आणि फार्मासिस्ट ठेवल्याशिवाय लायसन्सच मिळत नाही. त्यामुळे त्या मुलाचं "परवडत नाही" हे उत्तर उद्धट होतं पण खोटं नव्हतं. ऑनलाइनवाले कसे देतात हे मी त्यांच्या वतीने सांगू शकत नाही, मी माझ्या बिलापुरतं बोलतोय.

आता पोटाची कॅप्सूल. पॅन्टोप्रॅझोल आणि डॉम्पेरिडॉन एकत्र असलेली, आणि हे कॉम्बिनेशन त्या यादीत नाही. यादीबाहेरच्या औषधाची एमआरपी कंपनी स्वतः ठरवते, बंधन एवढंच की वर्षभरात 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. पण मुळात पहिल्या दिवशी किती छापायची याला सहसा आडकाठी नसते. जेनेरिक बनवणाऱ्या कंपन्या डॉक्टरांकडे प्रचारासाठी एमआर, म्हणजे आपले प्रतिनिधी, पाठवत नाहीत, माल थेट होलसेलरमार्फत आमच्याकडे येतो, आणि एमआरपी मात्र ब्रँडेडच्या जवळपास छापलेली असते. म्हणजे समजा छापलंय 105, आणि मला पडली जीएसटी सोडून 20 रुपयांना. तुम्हाला निम्म्यात दिली, 52.50, जीएसटी काढून 50 आले, माझे राहिले 30. हो, जेनेरिकवर मला जास्त सुटतात, ते मी कुणापासून लपवत नाही. तीच 105 ची ब्रँडेड घेतली असती तर मला ती साधारण 80 ला पडते (यादीबाहेरच्या ब्रँडेडवर बाजारात 20 टक्के मार्जिनची पद्धत आहे), 5 टक्के सूट देऊन माझे राहिले असते 15, आणि तुम्ही दिले असते 99.75. म्हणजे तुमचे 47 रुपये वाचले आणि माझे 15 जास्त आले, यात लुटलं कुणी कुणाला ते तुम्हीच सांगा.

अजून एक, ब्रँडेडचा माल एक्सपायर झाला की बहुतेक कंपन्या स्टॉकिस्टमार्फत परत घेतात. जेनेरिकचा बऱ्याच वेळा कुणी घेत नाही, तो आमच्याच अंगावर पडतो. त्या 30 मधून फेकलेल्या स्ट्रिपा पण भरून काढायच्या असतात.

आणि जे मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की बीपीचीही जेनेरिक देत नाहीत. दादा, तुमच्या चिठ्ठीवर पोटाची कॅप्सूल डॉक्टरांनी कंटेंटच्या नावाने लिहिली होती, म्हणून मी दाखवून, विचारून जेनेरिक दिली. बीपीची मात्र ब्रँडच्या नावाने लिहिली होती. ती शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत येते, आणि अशा औषधाला चिठ्ठीवरच्या ऐवजी दुसरी कंपनी द्यायला औषध नियमांच्या नियम 65 मध्ये आम्हाला मनाई आहे, आतला कंटेंट तोच असला तरी. वर सांगितलेला हिशोब बघा, बदलून देण्यात माझाच फायदा होता, तरी नाही दिली. डॉक्टरांकडून कंटेंटचं नाव लिहून आणा, त्याच दिवशी देतो.

माझं चुकलं ते एवढं की दुकानात 50 टक्के सूट असा मोठा बोर्ड लावलाय आणि ती कशावर आहे ते खाली बारीक अक्षरात आहे. तो बदलायचं बघतो. तुम्ही पण टक्के बघू नका, एका गोळीला किती पडले ते बघा. जनऔषधी केंद्रात एमआरपीच कमी छापलेली असते, तिथे मोठ्या डिस्काउंटचा बोर्ड नसतो तरी तिथली पोटाची गोळी माझ्या निम्म्या किमतीच्या गोळीपेक्षा स्वस्त पडू शकते, जवळ केंद्र असेल तर जरूर बघा, मला राग नाही येणार. आणि यादीतल्या कुठल्याही गोळीची सरकारी कमाल किंमत एनपीपीएच्या फार्मा सही दाम या अ‍ॅपवर दिसते, ती आणि माझं बिल शेजारी ठेवून बघा. जास्त घेतलेलं सापडलं तर फरक परत करतो आणि तुम्ही तक्रार पण करा.

आईंची बीपीची स्ट्रिप महिनाअखेरीला संपेल, तोपर्यंत एकदा या. दुपारी 12 नंतर गर्दी नसते, मी स्वतः काउंटरवर असतो, दोन्हींची खरेदीची बिलं काढून ठेवतो.