‘ओळखपत्र बघा, पावती घ्या’ एवढ्याने तोतये थांबत नाहीत

“देवस्थानाने फलकावर एवढंच लिहावं: ओळखपत्र बघून, पावती घेऊनच पैसे द्या; अनधिकृत वसुली करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई होईल. आणखी काही लागत नाही.”

यात्रेत देवस्थानाच्या नावाने भाविकांकडून पैसे उकळणाऱ्या तोतयांवर हा उपाय सुचवला जातो. तो पुरत नाही. ओळखपत्राचं आधी बघू. पौषात खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाला कऱ्हाड तालुक्यातल्या पालीला लांबून आलेला माणूस घ्या. रांगेत एक जण येतो, गळ्यात पट्टी, पट्टीला कार्ड, कार्डावर देवाचा फोटो. देवस्थानाचं खरं कार्ड कसं असतं हे या भाविकाने कधी पाहिलेलंच नाही, मग तो ते कशाशी ताडून बघणार?

पावतीचं तर उलटंच होतं. तोतया न मागता पावती फाडतो, कारण पावतीपुस्तक हेच त्याचं भांडवल. वर देवाचं नाव, खाली ‘अन्नदान ५०१’, कोपऱ्यात शिक्का. फलक वाचून आलेला माणूस पावती हातात पडली की निर्धास्त होतो. म्हणजे आपल्याच सूचनेने तोतयाचं काम सोपं केलं.

कारवाईची धमकी तोतयासाठी आहे, फलक मात्र वाचतो भाविक. ५०१ रुपयांसाठी परगावचा माणूस चौकीत जाऊन बसत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं.

म्हणून माणूस ओळखायला सांगू नका, जागा सांगा. माझ्या मते मजकूर असा असावा:

“देणगी व अभिषेकाचे पैसे फक्त देवळातल्या देणगी कार्यालयात किंवा दानपेटीत. रांगेत, पार्किंगमध्ये, वाटेवर देवस्थानाचा कोणीही माणूस पैसे घेत नाही. कोणी मागितले तर देऊ नका, या नंबरवर कळवा.”

यात भाविकाला काहीच तपासावं लागत नाही. समोरचा रांगेत पैसे मागतोय, एवढंच पुरे.

पण हे वाक्य खरं असेल तरच लिहावं. गर्दी वाढली म्हणून देवस्थानाचेच दोन कार्यकर्ते पुस्तक घेऊन रांगेत फिरले, की फलक त्या दिवशीच मेला. ग्रामपंचायत गाड्यांचे पैसे घेत असेल तर तेही रकमेसकट वेगळ्या ओळीत लिहा, नाहीतर तिथे रोज भांडणं. वाघ्या-मुरळीला किंवा पुजाऱ्याला आपल्या खुशीने दिलेली दक्षिणा ही देवस्थानाची देणगी नव्हे. त्यांना या फलकाने तोतयांच्या ओळीत बसवू नका.

देणगीसाठी क्यूआर कोड लावला असेल, तर त्यावर तोतया आपला कोड चिकटवू शकतो. तेव्हा स्कॅन केल्यावर मोबाईलवर कोणतं नाव दिसायला हवं, ते नाव जसंच्या तसं फलकावर छापा.

आणि फलक कार्यालयाच्या दारात नको. तिथे पोचलेला माणूस बरोबर ठिकाणीच आलेला असतो. फलक हवा पार्किंगला आणि रांगेच्या तोंडाशी. दिलेला नंबर यात्रेच्या दिवशी उचलणारा माणूस आधी ठरवून ठेवा.