टिक दिसली की प्रश्न वाचू नये

लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत जुनी प्रश्नपत्रिका कोरी कधी येत नाही. ती येते मोबाइलवर. फोटो जरा तिरपा असतो, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा असतो आणि पानभर आधीच्या उमेदवाराचा पेन फिरलेला असतो. काही पोरं यावर नाराज होतात. तुम्ही होऊ नका. अर्धा पेपर सोडवलेला फुकट मिळतोय, तर प्रश्न वाचायचे कष्ट कशाला घेता?

म्हणून पहिला नियम असा की नजर आधी टिकेवर जाऊ द्यावी. प्रश्न नंतर वाचावा, तोही टिक बरोबर ठरेल एवढाच. परभणीकडचा एखादा खवट मास्तर सांगेल की त्या पोराला किती मार्क पडले ते विचारा. विचारू नका. ज्याचा पेन इतका ठामपणे फिरलाय, तो नापास होईलच कसा?

उदाहरणासाठी हा प्रश्न घ्या. छापलेलं आहे ते असं: "खालीलपैकी कोणते विधान/विधाने चुकीचे आहे/आहेत? (अ) जायकवाडी धरण पैठणजवळ गोदावरी नदीवर आहे. (ब) विष्णुपुरी प्रकल्प नांदेडजवळ गोदावरी नदीवर आहे. (क) येलदरी धरण पूर्णा नदीवर आहे. (ड) माजलगाव धरण मांजरा नदीवर आहे." पर्याय चार: (१) फक्त अ, (२) फक्त ड, (३) ब आणि क, (४) अ, ब आणि क.

फोटोत मात्र अ, ब आणि क यांच्यापुढे निळी टिक आहे, ड वर फुली आहे आणि खाली पर्याय (४) भोवती गोल आहे. किती सुसंगत दिसतं! तीन टिका आणि तीनच अक्षरांचा पर्याय. आता गंमत बघा, पोराला धरणं पाठ होती. त्याच्या चारही खुणा बरोबर आहेत. माजलगाव सिंदफणेवर आहे, मांजरेवर नाही, म्हणून ड वर फुली. म्हणजे चुकीचं विधान एकच, ड, आणि उत्तर (२). पण शेवटच्या पायरीला त्याने आपल्याच टिका मोजल्या आणि टिकांचा पर्याय उचलला. "चुकीचे" हा शब्द त्याच्याच पेनाच्या रेघेखाली दबला होता. त्याने विधानं तपासली आणि प्रश्न विसरला. तुम्ही तर विधानंही तपासणार नाही, म्हणजे त्याच्यापेक्षा वेगाने (४) वर पोचाल.

काही चिकट लोकांना ही सोय बघवत नाही. ते विधानाची खूण आणि पर्यायाची खूण वेगळी मानतात. विधानापुढची टिक म्हणजे "हे वाक्य खरं", पर्यायावरचा गोल म्हणजे "हे उत्तर", आणि प्रश्नक्रमांकापुढची टिक म्हणजे बहुतेक वेळा नुसतं "उत्तरपत्रिकेत गोल काळा केला". पर्यायावरची फुली तर आणखी फसवी. एकासाठी ती "हा बाद" असते, दुसऱ्यासाठी "हेच उत्तर". त्या पोराची सवय कोणती होती हे पानावर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून हे लोक फुलीला काहीच अर्थ देत नाहीत. केवढा अपमान हा!

त्यांची रीतही ऐकून ठेवा, म्हणजे चुकून तसं करणार नाही. ते फोटो मोठा करतात आणि प्रश्नाचं पहिलं वाक्य वहीत उतरवतात. "योग्य", "अयोग्य", "नाही", "वगळता" यांपैकी जो शब्द असेल त्याला स्वतःच्या हाताने चौकट करतात, फोटोतली चौकट धरत नाहीत. मग विधानं आणि चारही पर्याय नुसत्या मजकुराने लिहितात, एकही खूण न घेता. छपाई कुठली आणि पेन कुठला हे ओळखायला ते रेघेची जाडी बघतात. छापील अक्षर एका ओळीत आणि एकसारख्या जाडीचं असतं, पेनाची रेघ मात्र सुरुवातीला जाड, शेवटी बारीक होत अक्षरं कापत जाते. एखादा पर्याय गिरगिटून पार काळा केला असेल, तर त्याच प्रश्नाचा इंग्रजी मजकूर शेजारी आहे का बघतात. राज्यसेवेच्या पेपरात तो असतो. तोही झाकलेला असेल तर वहीत सरळ "वाचता येत नाही" असं लिहून पुढे जातात. अंदाजाने शब्द भरत नाहीत.

एवढ्याने भागत नाही. पाठीमागच्या पानाची शाई पातळ कागदातून उमटते, तेही त्यांना दिसतं. तशी टिक फिकट असते आणि आरशातल्यासारखी उलटी. साध्या टिकेची लांब दांडी उजवीकडे वर जाते, हिची डावीकडे. तुम्ही मात्र ती खुशाल मोजा. एका प्रश्नाला दोन टिका म्हणजे दुप्पट खात्री.

गणितात तर पेनाचा ठिपकासुद्धा पावन मानावा. ताशी ७२ किमी वेगाने जाणारी १७५ मीटर लांबीची गाडी एक फलाट १५ सेकंदांत ओलांडते, तर फलाटाची लांबी किती? ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर. १५ सेकंदांत ३००, त्यातून गाडीचे १७५ गेले, उरले १२५. फोटोत पर्याय दिसतात १२.५, १५०, १७५, २००. चिकट माणूस म्हणेल की बाकी तिन्ही पर्याय पूर्ण संख्या आहेत, साडेबारा मीटरचा फलाट कुठल्या स्टेशनात असतो, आणि तो ठिपका अंकांच्या तळाशी नसून जरा वर निळा आहे. तुम्ही असल्या खोलात न शिरता "उत्तर पर्यायात नाही, प्रश्न रद्द करा" असं ठोकून द्या. आयोगाच्या नावाने बोटं मोडायला ग्रुपवर लोक कमी नाहीत.

राहिली लाल शाई. पोराने घरी येऊन उत्तरतालिका लावली आणि लाल टिका मारल्या, म्हणजे यावर तर डोळे झाकून भरवसा ठेवावा. पेपरचे चार संच असतात, त्यांत प्रश्न तेच पण क्रम वेगळा, आणि तालिका प्रत्येक संचाची निराळी, असल्या शंका काढू नयेत. संचाचं अक्षर मुखपृष्ठावर असतं आणि मुखपृष्ठाचा फोटो कुणीच काढत नाही. धरणांच्या त्या प्रश्नाला लाल टिकही (४) वरच पडली आहे. पोराने ब संचाच्या पेपरला अ संचाची तालिका लावली, आणि तिथे त्या क्रमांकाला योगायोगाने (४) होतं. अशी गोष्ट एका प्रश्नावरून कळत नाही. सलग दहा प्रश्न स्वतः सोडवून लाल टिकांशी ताडले आणि त्यांतले सात-आठ जमेनात, तर संच चुकल्याचा वास येतो. पण दहा प्रश्न सोडवायचे म्हटलं तर चहा गार होतो.

तेव्हा हिरवा पेन घ्या, (४) वर तुमचीही टिक मारा, पुन्हा फोटो काढा आणि ग्रुपवर टाका. सेलू-जिंतूरच्या पोरांना तो उद्या सकाळी मिळेल. येलदरी त्यांच्या शेजारीच आहे, पण तीन रंगांपुढे धरणाचं कोण ऐकतो.